सिगारेटचा छोटा चटका: लव कापून गालिचा आणि सोफा सारखा कसा करावा

प्रश्न: "घरी आलेल्या पाहुण्यांच्या हातून जळती सिगारेट गालिच्यावर पडली. नखाएवढा काळा डाग पडलाय आणि त्यावरून हात फिरवला की टोचतं. त्याच वेळी सोफ्याच्या हातावर ठिणगी उडून एक बारीक खूण झालीय, सोफ्याचं कापड मखमलीसारखं आहे. कोणी म्हणतं वरचं जळालेलं कापून टाका, कोणी म्हणतं तुकडा कापून नवीन लावा. नुसतं कापून भागेल का? आणि कापायचं तर नक्की कसं?"

उत्तर:

गालिच्याचं काम बहुधा नुसत्या कात्रीने होईल. सोफ्याचंही होईल, पण तिथे कापायला जागा फार कमी असते, म्हणून हात आधी गालिच्यावर बसवा आणि मग सोफ्याकडे वळा. तुकडा कापून नवीन लावण्याची घाई करू नका. तुकड्याचा जोड नीट बसला नाही तर डागापेक्षा जोडच जास्त दिसतो, आणि एकदा खालचं कापड कापलं की मागे फिरता येत नाही.

तुम्ही "टोचतं" असं लिहिलंय, त्यावरून बरंच कळतं. टोचतं म्हणजे धागा वितळून पुन्हा घट्ट झालाय, म्हणजे तुमचा गालिचा नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन अशा कृत्रिम धाग्याचा आहे. सिगारेटचं पेटतं टोक कोणी ओढत नसतानाही 500 अंश सेल्सियसच्या वर असतं. पॉलिप्रॉपिलीन साधारण 165 अंशांना वितळतं, नायलॉन आणि पॉलिएस्टर 220 ते 260 अंशांच्या दरम्यान. त्यामुळे निखारा टेकला की धाग्यांची टोकं क्षणात वितळतात, शेजारच्या टोकांना चिकटतात आणि थंड झाली की त्यांचा कडक, काळपट मणी बनतो. लोकर असती तर असं झालं नसतं. लोकर वितळत नाही, तिचा कोळसा होतो, तो नखांत धरला की भुगा होतो आणि जळालेल्या केसांसारखा वास येतो. सुती धागा आणि व्हिस्कोस हेही वितळत नाहीत, त्यांची राख होते आणि वास जळलेल्या कागदाचा. खात्री करायची असेल तर डागातलं एकच टोक कापून दोन नखांत दाबून बघा: भुगा झाला तर लोकर किंवा सुती, खड्यासारखं राहिलं तर कृत्रिम. काडी पेटवून धागा जाळून बघायची चाचणी सोफ्याजवळ करू नका, तिची गरजही नाही.

हा फरक आधी समजून घ्यायचा, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर ठरते. लोकरीचा कोळसा चिमट्याने किंवा नखाने हलकेच चुरडला की बराचसा आपोआप गळतो, कात्री शेवटी थोडी चालवावी लागते. कृत्रिम धाग्याचा मणी मात्र गळत नाही, तो कापूनच काढावा लागतो. आणि ओढून तर मुळीच काढायचा नाही. यंत्रावर बनवलेल्या नेहमीच्या गालिच्यात लवेचे, म्हणजे वर उभ्या असलेल्या धाग्यांचे, गुच्छ खालच्या कापडातून नुसते ओवलेले असतात आणि मागून लावलेल्या लॅटेक्सच्या थराने धरून ठेवलेले असतात. वितळलेल्या मण्याने असे पाच-सहा गुच्छ वरच्या बाजूने एकमेकांना जखडलेले असतात. मणी धरून ओढला की ते सगळे एकदम मुळासकट बाहेर येतात, आणि जिथे फक्त टोकं कापायची होती तिथे टक्कल पडतं.

कात्री हातात घेण्याआधी चटका किती खोल गेलाय ते मोजा. यासाठी शिवणाची सुई पुरते. डागापासून हातभर लांब, चांगल्या जागी सुई सरळ खाली टेकवा, खालच्या कापडाला टोक लागलं की लवेच्या उंचीवर सुईला नख लावून धरा आणि बाहेर काढून मोजपट्टीवर बघा. मग तीच सुई डागाच्या मधोमध टेकवून किती उंची शिल्लक आहे ते मोजा. त्यानंतर सुईने लव दोन्हीकडे सारून मुळाशी डोकवा. मुळाकडचा रंग मूळचा आहे का? खालचं कापड शाबूत आहे का? माझा कामाचा ठोकताळा असा: वरचा एक तृतीयांश भाग जळाला असेल तर कात्रीने काम होतं आणि नंतर जागा शोधावी लागते. निम्म्यापर्यंत जळालं असेल तर कात्रीनेच करायचं, पण जास्त रुंद पसरवायचं, आणि तिरप्या उजेडात हलकासा खळगा दिसेल हे धरून चालायचं. निम्म्याच्या खाली गेलं असेल तर दुसरीकडचे धागे आणून लावावे लागतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता मुख्य मुद्दा. उभ्या माणसाच्या डोळ्याला गालिच्यावर दोन गोष्टी खटकतात: वेगळा रंग आणि तीव्र कड. दोन-तीन मिलिमीटरची खोली तशी डोळ्याला दिसत नाही. बहुतेक जण काय करतात, तर काळं तेवढं नेमकं कोरून काढतात. काळा रंग जातो, पण जागेवर उभ्या भिंतींचा छोटा खड्डा राहतो, त्या भिंतीची सावली आत पडते आणि लांबून पुन्हा काळा ठिपका दिसतो. खड्डा विहिरीसारखा नको, थाळीसारखा हवा, म्हणजे मध्यभागापासून बाहेरपर्यंत उतार इतका हळू की तो कुठे सुरू झाला हे सांगता येऊ नये. जळालेलं काढणं ही कामाची सुरुवात आहे. खरा वेळ भोवतीची चांगली लव थोडी थोडी उतरवण्यात जातो.

साहित्य फारसं लागत नाही. पात्याला बाक असलेली बारीक कात्री, म्हणजे नखांची किंवा भरतकामाची, पण धारदार. बोथट कात्री धागा कापण्याऐवजी चावते आणि टोक पिंजतं. सोबत अणकुचीदार चिमटा, शिवणाची सुई, मऊ टूथब्रश, भिंग, एक टॉर्च आणि स्वच्छ पांढरं सुती फडकं. लव 10 मिलिमीटर किंवा त्याहून लांब असेल तर केस विरळ करायला वापरतात ती दातेरी कात्री फार उपयोगी पडते, असली तर जवळ ठेवा. टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा, म्हणजे उजेड लवेवरून सरपटत जातो आणि उंचसखल लगेच कळतं. वरून पडणाऱ्या उजेडात काम केलं तर सगळं सारखंच वाटत राहतं.

पहिली गोष्ट पाणी नाही. डाग बघितला की ओलं फडकं घेऊन पुसायची सवय असते, ती इथे टाळा. सुटी काजळी पाण्यात मिसळली की धाग्यावरून खाली मुळापर्यंत उतरते, आणि जो काळेपणा वरच्या तीन मिलिमीटरमध्ये होता तो पूर्ण उंचीत पसरतो. कोरड्या टूथब्रशने जागा हलकेच झटका आणि व्हॅक्यूम क्लीनरची नुसती नळी डागाच्या थोडी वर धरून भुगा ओढून घ्या. फिरणारा ब्रश लावू नका.

तुमच्या गालिच्याचं मोजमाप मला माहीत नाही, म्हणून या प्रकारात नेहमी दिसणारं एक उदाहरण धरतो: कापलेल्या टोकांची लव, म्हणजे कट पाइल, उंची 10 मिलिमीटर, डाग सिगारेटच्या जाडीएवढा म्हणजे 8 मिलिमीटर रुंद, आणि सुईने मोजल्यावर वरचे 3 मिलिमीटर गेलेले.

लव आधी तिच्या उलट दिशेने विंचरा, म्हणजे टोकं उभी राहतील. कात्री अशी धरा की पात्यांचा बाक खाली गालिच्याकडे आणि टोकं वर उचललेली राहतील. टोकं खाली केली तर ती नकळत लवेत घुसतात आणि एक गुच्छ मुळापासून कापला जातो. चिमट्याने एक मणी हलकेच पकडा, ओढू नका, फक्त स्थिर धरा, आणि मण्याच्या लगेच खाली कापा. सगळा डाग एका घावात उडवायचा प्रयत्न करू नका. एका वेळी दोन-चार धागे, एका वेळी अर्धा मिलिमीटर. थोडं कापलं की बोटाने झटका, नळीने भुगा ओढा, पुन्हा बघा. सुटे तुकडे तिथेच पडून राहिले तर अजून काळं शिल्लक आहे असं वाटतं आणि हात गरजेपेक्षा खोल जातो.

कुठे थांबायचं हे भिंगातून समजतं. वितळलेलं टोक गोल आणि चकचकीत दिसतं, टाचणीच्या डोक्याचं अगदी बारीक रूप म्हणा. नीट कापलेलं टोक सपाट आणि निस्तेज असतं. मधल्या भागात गोल, चकचकीत टोक एकही उरलं नाही आणि हाताच्या मागच्या बाजूला काही टोचत नाही, की खोल जायचं थांबवा. यापुढेही तुम्हाला धाग्यांच्या अंगावर पिवळट-तपकिरी झाक दिसेल. ती बहुतेक वेळा धुराची असते, जळाल्याची नसते. फडक्याचा कोपरा किंचित ओला करून एका धाग्यावर टेकवून बघा: रंग फडक्यावर उतरला तर तो धूर आहे, पुढे धुऊन निघेल. त्याच्या मागे लागून कापत राहिलं की खड्डा मुळाशी पोहोचतो. गालिचे बिघडतात ते बरेचदा इथेच.

मधला भाग साफ झाला, आता उतार. 8 मिलिमीटरच्या डागासाठी साधारण 30 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ नजरेने ठरवा. मध्ये 3 मिलिमीटर उतरलंय. डागाच्या कडेला लागून असलेली लव 2 मिलिमीटर उतरवा, त्याच्या बाहेर 1 मिलिमीटर, आणि वर्तुळाच्या काठावर फक्त काही काही टोकं. कात्री मध्याकडे थोडी तिरकी धरली की हा उतार आपोआप येतो. पण प्रत्येक कड्यातले सगळे धागे एकाच उंचीवर आणले तर पायऱ्या पडतात आणि गोल गोल रेषा दिसू लागतात. म्हणून काही धागे कापा, काही सोडा, सीमा वेडीवाकडी ठेवा. दातेरी कात्रीचा उपयोग इथेच आहे, ती काही धागे कापते आणि काही सोडते. तिने एकदा चेपून कापायचं, कात्री थोडी फिरवायची, पुन्हा एकदा. वर्तुळ किती रुंद घ्यायचं हा शेवटी नजरेचा प्रश्न आहे. फार अरुंद घेतलं तर कड दिसते, फार रुंद घेतलं तर जागा झिजल्यासारखी दिसते. डागाच्या तीन ते चार पट हे प्रमाण मला बहुतेक ठिकाणी लागू पडताना दिसलंय.

प्रत्येक फेरीनंतर लव तिच्या मूळ दिशेने विंचरून उठून उभे राहा. गुडघ्यावर बसून दिसणारा गालिचा आणि उभं राहून दिसणारा गालिचा वेगळे असतात, आणि माणसं तो उभं राहूनच बघणार आहेत. चारही बाजूंनी बघा. लवेला दिशा असते. एका बाजूने ती फिकट दिसते आणि दुसऱ्या बाजूने गडद, त्यामुळे एका बाजूने मिसळून गेलेली जागा दुसरीकडून उठून दिसू शकते. कुठे कड दिसली तर फक्त त्या बाजूची काही टोकं उतरवा, मध्याला पुन्हा हात लावू नका.

काम नीट झालं तरी जागा सुरुवातीला थोडी गडद वाटते, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही पुन्हा कापायला बसाल. याची कारणं दोन. ताजं कापलेलं टोक उजेड शोषतं, तर धाग्याचं अंग उजेड परत फेकतं. नव्याने कापलेल्या जागी उभी टोकंच जास्त दिसतात, म्हणून ती गडद भासते. दुसरं, जुन्या गालिच्याची टोकं उन्हाने फिकी पडलेली असतात आणि आतला धागा मूळ रंगाचा असतो. पहिला फरक चालण्याने आणि झाडण्याने टोकं थोडी पिंजली, वाकली की बराच कमी होतो. दुसरा हळूहळू कमी होतो. उलटा प्रकार छापील गालिच्यात होतो: त्यात रंग वरून छापलेला असतो आणि मुळापर्यंत पोहोचलेला नसतोही, त्यामुळे कापलं की आत फिकट निघतं. म्हणून सुरुवातीला लव सारून मुळाशी रंग बघायला सांगितलं. मुळाशी रंग वेगळा असेल तर कापायची मर्यादा तिथेच संपते, सुई काहीही सांगो.

आता धुराची झाक. कपभर, म्हणजे साधारण 250 मिलिलिटर, कोमट पाण्यात पाव चमचा भांडी घासायचं द्रव. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि बाहेरून आत असं टिपत या, घासू नका. फडक्याची स्वच्छ बाजू वारंवार पुढे आणा. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण टिपून काढा, कारण राहिलेला साबण चिकट असतो, त्यावर धूळ बसते आणि काही दिवसांनी तिथे नवाच डाग दिसतो. शेवटी कोरडं फडकं दाबून ओल काढा. आधी कुठल्या तरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात एकदा करून रंग जात नाही ना ते बघा. लोकरीवर ब्लीच किंवा अमोनिया वापरू नका, धागा खराब होतो.

वाळल्यावर भोवतीची लव चेपलेली वाटली तर इस्त्रीची वाफ द्यायची, इस्त्री 2-3 सेंटीमीटर वर अधांतरी धरून, काही सेकंद, आणि लगेच बोटांनी किंवा ब्रशने लव उभी करायची. लोकर आणि नायलॉन याला छान साथ देतात. पॉलिप्रॉपिलीन असेल तर इस्त्री बाजूलाच ठेवा. वाफेने ते वितळणार नाही, पण गरम इस्त्रीचा तळ चुकून टेकला तर सिगारेटच्या शेजारी इस्त्रीचा चटका तयार.

चटका निम्म्याच्या खाली गेला असेल तर काय करायचं ते आता. अशा वेळी जळालेले गुच्छ मुळाच्या जवळ कापून टाकायचे, खालचं कापड फाटू द्यायचं नाही, आणि गालिच्याच्या दुसऱ्या भागातून तेवढे गुच्छ आणायचे. उरलेला जुना तुकडा असेल तर उत्तम, नाहीतर भिंतीच्या कडेचे किंवा जड कपाटाखालचे. एका जागचे सगळे काढू नका, इकडचे दोन, तिकडचे दोन असे घ्या, म्हणजे नवं टक्कल पडत नाही. हेही ओढायचे नाहीत, मुळाशी कापायचे. चिकटवायला वाळल्यावर पारदर्शक आणि लवचिक राहणारा कापडाचा किंवा लॅटेक्सचा गोंद घ्या. झटपट चिकटणारा सुपर ग्लू नको. तो कडक होतो, भोवती पांढरी झाक सोडतो, आणि सुती धाग्याला लागला की त्याची प्रक्रिया इतकी जलद होते की चांगलीच उष्णता निघते. गोंदाचा पातळ थर काडीने फक्त तळाशी लावा. गुच्छ चिमट्याने एकेक करून उभे रोवा, दाट, आणि आजूबाजूपेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटर उंच. उंच मुद्दाम ठेवायचे, कारण वाळल्यावर वरच्या पद्धतीने कापून समान करता येतात, आखूड बसलेले लांब करता येत नाहीत. वर वजन ठेवू नका, लव आडवी होऊन चिकटते. पूर्ण दिवस तसंच वाळू द्या. अशा जागेवर नंतर फिरत्या ब्रशचं यंत्र जपून चालवा, गोंदावर बसलेला गुच्छ मूळच्या गुच्छाइतका मजबूत नसतो.

तुमचा गालिचा कट पाइल नसून फाश्यांचा, म्हणजे लूप पाइल, निघाला तर एक सावधानता. फासा कापला की त्याची दोन मोकळी टोकं होतात, ती फुलतात आणि आजूबाजूच्या गोल फाश्यांमध्ये वेगळी दिसतात. काही लूप गालिच्यांमध्ये एक सुटा धागा ओढला गेला तर अख्खी ओळ उसवत जाते. म्हणून तिथे फक्त काळं टोक तेवढं टिपायचं, उतार करायच्या भानगडीत पडायचं नाही, आणि खळगा खुपत असेल तर त्याच धाग्याचा तुकडा बोथट सुईने तेवढ्या फाशाच्या जागी ओवून घ्यायचा.

आता सोफा. आधी एक तपासणी, विशेषतः चटका नुकताच बसला असेल तर: कापडाला आरपार भोक पडून आतला कापूस किंवा फोम दिसत असेल, हात लावल्यावर धग जाणवत असेल किंवा जळका वास वाढत असेल, तर दुरुस्ती बाजूला ठेवा. कापूस आत तासन्‌तास धुमसू शकतो आणि मग पेट घेतो. उशी सुटी होत असेल तर उघड्यावर नेऊन भरपूर भिजवा, सुटी होत नसेल तर त्या जागी पाणी ओता. आत धूर दिसत असेल तर सगळ्यांना बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवा. तुमची खूण ठिणगीची आणि वरवरची आहे, त्यामुळे बहुधा असं काही नाही, पण एकदा हात लावून बघायला हरकत नाही.

मखमलीची लव साधारण 2 ते 3 मिलिमीटरच असते. एक तृतीयांशचा ठोकताळा इथेही लागू आहे, म्हणजे तुमच्या हाताशी फार तर एक मिलिमीटर आहे. इतक्या आखूड लवेत कात्रीपेक्षा एका धारेचं नवं ब्लेड बरं, अट एवढीच की ते कापडाला जवळजवळ समांतर, आडवं धरायचं. ब्लेडची धार कापडात नको, लवेच्या टोकांवर चालायला हवी. भिंगातून मणी बघा, लव उलट दिशेने ब्रशने उभी करा, आणि ब्लेड दाब न देता मण्यांवरून लवेच्या दिशेने अलगद सरकवा. मणी एक-दोनच असतील तर चिमट्याने धरून नखांच्या कात्रीने तेवढेच टिपा, ब्लेडची गरज नाही. भोवती फार तर एक सेंटीमीटरच्या वर्तुळात टोकं अर्धा मिलिमीटर उतरवा आणि थांबा. लवेच्या तळाशी विणीचे ताणेबाणे दिसू लागले की एकही घाव जास्त नको. त्या अवस्थेत सोफ्याच्या खालच्या दुमडीतून थोडी लव ब्लेडने खरवडून घ्या, लवचिक गोंदाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब उघड्या विणीवर पसरवा, ती लव चिमट्याने त्यावर टाका, आणि वाळल्यावर ब्रशने उभी करून उरलेला भुगा झटका.

मखमल व्हिस्कोसची असेल तर पाणी आणि वाफ दोन्ही टाळा. ओली झाली की तिची लव चेपते आणि पाण्याचा डाग कायमचा राहू शकतो. टोक नखांत दाबल्यावर राख झाली तर हीच शक्यता धरा आणि धुराची झाक कोरड्या ब्रशनेच जितकी जाईल तितकी घालवा.

कापड दिसायला मखमलीसारखं असलं तरी ते शेनिल असू शकतं. फरक जवळून बघितला की कळतो: मखमलीची लव सगळ्या कापडावर सलग उभी असते, शेनिलमध्ये प्रत्येक धागाच सुरवंटासारखा लवदार असतो आणि त्याच्या मधून एक बारीक पीळ जातो. तो पीळ कापला गेला तर लव दोन्हीकडे गळू लागते. त्यामुळे शेनिलवर फक्त लवेची टोकं टिपायची, आणि पीळ आधीच जळून तुटला असेल तर दोन्ही तुटक्या टोकांना गोंदाचा बारीक थेंब द्यायचा, म्हणजे गळणं तिथेच थांबतं. आणि लवच नसलेलं साध्या विणीचं कापड असेल तर ही पद्धत तिथे चालतच नाही. वरचं करपलेलं तूस तेवढं टिपता येतं, पण धागा कापला की भोक मोठं होतं. तो रफूचा विषय आहे.

दोन्ही कामं झाल्यावर तपासताना चूक कुठे राहिली हे जागा स्वतःच सांगते. हाताच्या मागच्या बाजूला टोचलं किंवा टॉर्चच्या उजेडात एखादा ठिपका चमकला तर मणी राहिलाय. लांबून गोल रेषा दिसली तर उतार अपुरा आहे, बाहेरच्या कडेची काही टोकं आणखी टिपा. चमक नाही, रेषाही नाही, पण मळकट वाटतंय, तर धूर किंवा साबण राहिलाय, पुन्हा एकदा टिपून घ्या. पुढच्या काही वेळच्या झाडण्यात एखाद-दुसरा लांब धागा वर डोकावेल, कारण मण्याखाली दबलेला धागा सुटा व्हायला वेळ लागतो. तो ओढू नका, आजूबाजूच्या उंचीला धरून कापा.